लाल ठिपक्याचे लिव्हर

दादासाहेब थेरगावच्या शेडमध्ये स्कूटरचे ब्रेक लिव्हर ओतायचे. कंपनीच्या ऑर्डरी आटल्यापासून शेड ऑनलाइन विक्रीवरच तगून होती, आणि ती विक्री त्यांची लेक अपेक्षा बघायची. आता ती विक्रीही बसली. वस्तूचं पान रोज शेकडो लोक उघडायचे, ऑर्डर मात्र दोन-चार.

"लोक येत्यात, बघत्यात नि जात्यात. कुठंतरी खोट हाय," दादासाहेब म्हणाले.

अपेक्षाने आपली किंमत पाहिली. साडेतीनशे, इतर ब्रँडइतकीच. पिनकोड घालून आपला माल पोहोचायची तारीख पाहिली. पाच दिवस लागत होते, पण विक्री जोरात होती तेव्हाही तेवढेच लागायचे. रेटिंग मात्र साडेचारवरून अडीचवर घसरलं होतं. मग तिने त्याच पानावरचे 'इतर विक्रेते' उघडले आणि तिचं डोकंच फिरलं. त्यांचाच ब्रँड दुसराच कुणी एकशे नव्वदला विकत होता, माल उद्या दारात. खरेदीचं बटणही त्याच्याच नावावर गेलं होतं, ते दाबलं की ऑर्डर त्याला जायची. गर्दी जमवायची यांनी आणि गल्ला त्याचा! रेटिंग वाचून बिचकणारे तर काहीच न घेता परतत होते.

"एवढ्या पैशांत आपली मजुरीही सुटत नाही," ती चिडून म्हणाली. तिने त्याच्याकडून एक लिव्हर मागवला.

दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी तो हातात घेऊन नखाने खरवडला. पॉलिशखालून लाल रंग निघाला. ओतताना आत हवा राहिलेल्या लिव्हरवर ते स्वतः लाल ठिपका द्यायचे.

"ह्यो आपलाच रिजेक्ट," ते म्हणाले.

आधी कंपनीत नोकरीला असताना तीस वर्षं त्यांनी प्रत्येक रिजेक्ट कापूनच भंगारात टाकला होता. स्वतःच्या शेडमध्ये मात्र अख्खाच द्यायचे, कारण भंगारवाला गेनू गावचा होता. गावच्या माणसासमोर माल कापणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. गेनूने तो न वितळवता पुढे विकला होता.

अपेक्षाने आजवर टाळलेले ग्राहकांचे शेरे वाचायला घेतले. तिसराच होता, 'उतारावर लिव्हर तुटून हातात आला. मागे बायको बसली होती. ती गेली.'

तिने तो मोठ्याने वाचला. वाचताना तिला वडिलांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं तोंड बघून रडूही आलं.

"नकली माल म्हणून तक्रार केली तर टिकणार नाही. माल आपलाच आहे," ती म्हणाली. "रिजेक्ट आपल्याच शेडमधून गेले, हे लिहावं लागेल. मग पान कायमचं बंद होईल, त्याची विक्री थांबेल नि आपलीही. पोलीसही येतील. शेड संपली, दादा."

दादासाहेबांनी तो लिव्हर तिच्यासमोर ठेवला.

"लिही," ते म्हणाले. "माझं नाव घालून लिही."

संध्याकाळी पान बंद झालं. दादासाहेबांनी कटर सुरू केला आणि कोपऱ्यातले लाल ठिपक्याचे लिव्हर एकेक करून कापायला घेतले.