तळहातावरची थाप

"मॅडम, तेवढा माझा फोटो काढून टाका पोस्टरवरून. मी परत खानार हाय तंबाखू."

बद्रीनाथ हे इतक्या शांतपणे म्हणाला की मला आधी रागच आला. पोस्टर छापून आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंद्र्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर लागायचे होते. आणि त्या पोस्टरवर सगळे दात दाखवून हसणारा पोरगा माझ्या टेबलापुढं उभा राहून हे सांगत होता.

मी दातांची डॉक्टर, पण दात उपटून मला बरीच वर्षं झाली. आमच्या कॉलेजच्या जनआरोग्य विभागात मी लोकांच्या सवयींमागं लागते. यंदा काम होतं शेंद्र्यातल्या तरुण कामगारांची तंबाखू सोडवायचं. विभागप्रमुख हेमचंद्र सरांना सडलेल्या जबड्यांचे मोठमोठे फोटो हवे होते. मी भांडले. म्हटलं, सर, असले फोटो पुडीवर छापलेलेच आहेत. पोरं पुडी उलटी करून फोडतात. नुसती भीती दाखवली आणि वाट दाखवली नाही, तर माणूस तोंड फिरवतो.

मी मोहीम हेल्थ बिलीफ मॉडेलवर बांधली. नाव जड आहे, गोष्ट सोपी. हे मला होऊ शकतं, असं माणसाला वाटलं पाहिजे. झालं तर ते साधं नाही, हेही पटलं पाहिजे. सोडण्यातला फायदा आड येणाऱ्या अडचणींपेक्षा जड वाटला पाहिजे. कुणीतरी, कशानं तरी ऐन वेळी टोकलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे मला जमेल, असा स्वतःवर भरवसा पाहिजे.

बद्रीनाथ मूळचा सोयगावकडचा, पार्ट जोडायच्या कामावर, शेंद्र्यात खोली घेऊन राहणारा. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, "आमचा आजा म्हातारा होऊन मेला, मरेस्तोवर खात व्हता. हे म्हाताऱ्यांचं दुखणं, मॅडम." मी भाषण दिलं नाही. हातात आरसा दिला आणि खालचा ओठ ओढून दाखवला. जिथं तो तंबाखू धरायचा तिथं पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. "हा अजून कॅन्सर नाही," मी म्हटलं, "पण असले काही चट्टे पुढं तिकडं वळतात. कोणता वळेल ते मला सांगता येत नाही. आत्ता सोडलीस तर बहुतेक जाईल." त्यानं आरसा जवळ घेतला आणि ओठ स्वतःच परत ओढून बघितला.

मग आम्ही अडचणी विचारल्या. झोप येते, तलफ येते, कुणी पुढं केली तर नाही म्हणवत नाही. त्यावर ओवा-बडीशेपेच्या पुड्या दिल्या. सोडायचा दिवस त्यानंच ठरवला. 'नाही' म्हणायची तर मी तालीमच घेतली, मी तंबाखू पुढं करायची आणि त्यानं हसून म्हणायचं, "मी सोडली, दादा." पाठ झालं पोराला. सोडलीही त्यानं. चट्टा विरत गेला, मिरचीचा ठेचा झोंबेनासा झाला. म्हणून तर फोटो.

"तलफ येते का?" मी जरा तोडूनच विचारलं.

"नाय."

"मग?"

"कोनी बोलत नाय, मॅडम."

असल्या उत्तराला मोहिमेच्या माझ्या तक्त्यात जागा नव्हती. मी पर्स उचलली आणि म्हटलं, चल, मला बघू दे.

शेंद्र्याला पोचलो तेव्हा पाळी सुटली होती. चहाच्या टपरीमागं पाइपांच्या ढिगावर त्याच्या खात्याची पोरं बसली होती. बद्रीनाथ सवयीनं त्यांच्याकडं चार पावलं गेला, मग बाजूच्या दगडावर जाऊन बसला. मीही शेजारी बसले. तिकडं एकानं तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अंगठ्यानं मळली आणि थाप मारली. त्या आवाजासरशी आजूबाजूच्या माना वळल्या. ओळखीचे, बिनओळखीचे, सगळे हात पुढं आले. चिमूट घेतली की तिथंच टेकायचं, घरचं बोलायचं, साहेबाला शिव्या द्यायच्या. बद्रीनाथला कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही.

"आधी मीच मळायचो," बद्रीनाथ म्हणाला. "माझ्या हातची लई आवडायची सगळ्यांला. आता मी सोडली म्हनल्यावर मागत नाय कोनी. खोलीवर गेलं तरी नुसत्या भिंतीच."

मी तक्त्यात लाल पेनानं 'अडचणी' लिहीत बसले होते आणि खरी अडचण या ढिगावर बसली होती. तंबाखू सोडायची म्हणजे या पोरानं गावाबाहेर मिळालेली सगळी माणसं सोडायची. आणि हे मला कळू नये? आई गेल्यापासून घरी 'जेवलीस का' म्हणणारं कुणी नाही. दुपारचा डबा मी कपाटाकडं तोंड करून खाते. कुणी विषाची पुडी पुढं करून 'बस गं जरा' म्हटलं असतं, तर मीही बसले असते. फार एकटं वाटलं मला त्या दगडावर, त्याच्या शेजारी असून.

"पुडी आहे का तुझ्याकडं?" मी विचारलं.

त्यानं खिशातून आमची ओवा-बडीशेपेची पुडी काढली. "घेत नाय कोनी."

"मला दे."

त्यानं ती आपल्याच तळहातावर ओतली. आणि हाताची सवय कुठं जाते? अंगठ्यानं ओवा चोळला, फोलपटं उडवायला दुसऱ्या हातानं थाप मारली.

ढिगावरच्या माना वळल्या.

एक दांडगा पोरगा, सांडू नावाचा, हसत उठून आला. "काय रे, सुरू केली का?" म्हणत त्यानं न बघताच चिमूट उचलून तोंडात टाकली. मग चेहरा वाकडा केला. "अरारा! ही तं बडीशेप! लग्नाला आलो का आपुन?"

सगळे हसले. बद्रीनाथही हसला. सांडू मात्र परत गेला नाही. दगडाच्या कडेला टेकला आणि माझ्याकडं वळला. "मॅडम, याला एकट्यालाच नेलं तुमी. फोटोबिटो काढला. आमाला कुनी इचारलंच नाय, सोडता का म्हनून."

पटलं मला. एकेका खात्यातून एक आदर्श निवडायचा, ही माझीच कल्पना. आदर्श केलं म्हणजे कळपातून काढलंच की. अख्ख्या टोळीला मिळून तंबाखू सोडू दिली असती, तर थापही राहिली असती आणि भोवतीची माणसंही.

मी तिथूनच हेमचंद्र सरांना फोन लावला. पोस्टर उद्या लावायचे नाहीत, म्हटलं. ते कडाडले. मी ऐकून घेतलं.

"आता खाणार का परत?" निघताना मी बद्रीनाथला विचारलं.

त्यानं सांडूकडं पाहिलं. "उद्या हे माझ्यासंगं बसले तं बघू."

मग त्यानं उरलेला ओवा माझ्या हातावर ठेवला, मोठ्या माणसाला देतात तसा, दोन्ही हातांनी. माझ्या हातावर कुणी काही ठेवून फार दिवस झाले होते. तोंडात टाकवेना. मूठ मिटून मी बसमध्ये बसले, तशीच घरापर्यंत आले. दाराचं कुलूप काढायला मूठ उघडावी लागणार होती, म्हणून जराशी बाहेरच उभी राहिले.