उलटा लागलेला खिसा

मारोतराव शिंप्याने दुकान मुलाच्या हवाली केलं तरी दुकानातली खुर्ची काही सोडली नव्हती. पांढरकवड्याच्या बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. मशीनवर आता गोपाल बसायचा, आणि मारोतराव दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे पाहायचे. माणसाचा चेहरा त्यांना नंतर दिसायचा. आधी दिसायची खांद्याची शिवण.

पौषातली सकाळ होती. एक तरुण कोटाचं लोंबतं बटण धरून दुकानात आला. त्याची गाडी हायवेवरच्या गॅरेजात उभी होती, रेडिएटर गळत होता, आणि संध्याकाळपर्यंत तरी ती सुटत नाही असं मेकॅनिकने सांगितलं होतं. रजत त्याचं नाव. नागपूरहून आदिलाबादला बहिणीकडे निघालेला.

"काका, एवढं बटण लावून द्या. कोट अंगातून काढत नाही, थंडी आहे."

"अंगावर बटण लावलं तं सुई टोचते," गोपाल म्हणाला. "काढा. आमच्या बाबाच्या पुढ्यात कोट चोरीले जात नाई."

कोट काळा, लोकरीचा, जुना. कोपरांवर झिजलेला. पण खाली दोन मोठे खिसे होते, वरून शिवलेले, आणि त्यांचं कापड कोटाच्या कापडाचं नव्हतं. जाडंभरडं हातमागाचं कापड, मूळचं लाल असावं, आता विटकरी झालेलं. त्यावर बारीक बारीक ठिपके, पायऱ्यांसारखे चढत-उतरत गेलेले.

मारोतरावांनी कोट मांडीवर घेतला. बटणाकडे पाहिलंच नाही. चष्मा कपाळावर सारला, खिसा नाकाजवळ नेला, आणि अंगठ्याने ठिपके चाचपू लागले.

"बाबा, गिऱ्हाईकाचा खिसा कायले चाचपून राह्यले? लोकं काय म्हणतीन?"

"तू चूप बस. हा खिसा उलटा हाय."

रजत हसला. "उलटा कसा असेल? आजोबांचा कोट आहे. मी लहानपणापासून असाच पाहतोय."

आता ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. भरतकाम सगळे जण वरून पाहतात. नवरी पाहते, पाहुणे पाहतात. पण शिंपी त्याची पाठ पाहतो, कारण अस्तर त्याला लावायचं असतं. केळापूरच्या पलीकडच्या तांड्यावरच्या बाया पूर्वी आपलं भरलेलं कापड मारोतरावांकडे आणायच्या. त्याचा कोथळा व्हायचा, म्हणजे लग्नात नवरीला द्यायची चौकोनी पिशवी. बाया पिशवी भरायच्या, मारोतराव तिला अस्तर लावायचे. जवानीतली कितीतरी वर्षं त्यांनी ती पाठ पाहिली होती.

ते काम असं असतं. कापडावर आधी काही रेघत नाहीत. सुई कापडाचे धागे मोजत जाते. चार-पाच धाग्यांवरून दोरा जातो, मग खालून एकच धागा उचलला जातो, पुन्हा वरून लांब टाका. पुढच्या ओळीत तोच टाका एका धाग्याने पुढे सरकतो, की शंकरपाळ्यासारखी नक्षी तयार होते. सगळा दोरा वर राहतो. पाठीवर उरतात नुसते ठिपके, एकेका धाग्याचे. दोरा महाग होता, तो जिथे दिसत नाही तिथे कोण घालवणार?

"तुमच्या आजोबाच्या शिंप्यानं असा विचार केला असंन," मारोतराव म्हणाले, "का हे लांब टाके खिळ्याले अडकतीन, उसवतीन. मंग गुळगुळीत बाजू वर घेतली. गैरसमज झाला बिचाऱ्याचा. चांगली बाजू आत कोंडली त्यानं."

"मग काय झालं? खिसा तर चालतोय."

मारोतरावांचं बोट खिशाच्या खालच्या कोपऱ्यावर थांबलं होतं. तिथे काठ वळत होता. उभे ठिपके येत होते, आडवे होत होते, आणि त्या वळणावर कापड कुठेही ओढलेलं नव्हतं. पाण्यासारखं सपाट.

दोनच दिवसांआधी तांड्यावरची सोनीबाई याच खुर्चीशेजारी बसून गेली होती. नात संगीताचं लग्न माघात होतं आणि नातीला हाताने भरलेला कोथळा द्यायचा म्हणून म्हातारी हट्टाला पेटली होती. मधलं सगळं भरून झालं, काठही झाले, पण कोपरे जमेनात. भरले की कापड चोळामोळा व्हायचं. पुन्हा उसवायचं. आता एका कोपऱ्यावर कापड इतकं विरळ झालं होतं की आणखी एकदा उसवलं तर फाटणार होतं, आणि तसलं कापड आता कुठे मिळत नव्हतं. "तुयाकडं एखादा जुना तुकडा असंन तं पाय ना, मारोतीभाऊ," असं ती म्हणाली होती. नव्हता. जुने कोथळे पोरींबरोबर सासरी गेले आणि तिथे वापरून विरले.

"भाऊ," मारोतराव रजतला म्हणाले, "हा कोट मले तासाभरासाठी द्या. एका बाईले दाखवून आणतो."

रजतने कोट ओढून घेतला. "नाही, काका. आजोबांची ही एवढीच वस्तू माझ्याकडे आहे. कुठे सोडत नाही मी."

"मंग कोट अंगावरच राहू द्या. तुमीच चला कोटाबरोबर. गाडी तं गॅरेजात हाय."

"या थंडीत?"

"कोट हाय ना," गोपाल म्हणाला, आणि स्कूटरची किल्ली बापाकडे न देता रजतच्या हातात ठेवली. "बाबाले चालवू देऊ नका. ते समोरच्याच्या शर्टाची कॉलर पाह्यते, रस्ता नाई."

तुरीच्या शेतांमधून दोघं तांड्यावर पोचले तेव्हा सोनीबाई अंगणात उन्हाला बसली होती. मांडीवर कोथळा, शेजारी संगीता दोरा ओवत बसलेली. मारोतरावांनी रजतला पुढे केलं.

"सोनीबाई, खिसा आणला पाहाले."

"अन् हा कोन?"

"खिशासंगं आला."

संगीता फिसकन हसली. सोनीबाईने रजतला जवळ बसवलं, त्याच्या कोटाचा खिसा धरला आणि बोटांनी चाचपला. तिला दूरचं दिसत होतं, जवळचं धूसर. बोटं मात्र शाबूत होती.

"हे जमनीचं काम हाय," ती म्हणाली.

जमनी तिची मोठी बहीण. आदिलाबादकडे दिलेली, आता हयात नसलेली. त्यांच्या घरात रीत अशी होती की काठ थोरलीने भरायचा आणि पोट, म्हणजे मधला भाग, धाकटीने. जमनी सासरी गेली तशी काठाची विद्या तिच्याबरोबर गेली. सोनीने जन्मभर पोटच भरलं, काठाला बाजारातली पट्टी लावली.

"तुले कसं कळलं, दादी? सगळ्यांचं सारखंच असते," संगीता म्हणाली.

"जमनी डावरी होती. मी डावीकडून उजवीकडं जातो, तं पाठीवर माह्या टाक्याची पायरी अशी चढते. हिची पाय, उलटी चढून राह्यली."

"आजोबा आदिलाबादला लाकूड डेपोत होते," रजत हळूच म्हणाला. "कोणीतरी भेट दिलेलं कापड आहे, एवढंच आजी सांगायची."

"देलं असंन. ती द्याले लय मोकळी होती," सोनीबाई म्हणाली, आणि लगेच कामाला लागली. "संगीता, तुये डोळे चांगले हायेत. कोपऱ्यात पाय. दोरा कुठून कुठं जाते?"

संगीताने खिशावर डोकं टेकवलं. रजत कोटातच असल्यामुळे त्याला तिरकं होऊन बसावं लागलं. पाच मिनिटांत त्याने कोट काढून तिच्या हातात दिला आणि म्हातारीची घोंगडी पांघरली.

"काठाचा दोरा कोपऱ्याजवळ येते," संगीता म्हणाली, "अन् त्याचं शेपूट कोपऱ्याच्या ठिपक्यांखालून सरकवलं हाय."

"थांब," मारोतराव म्हणाले. "पुन्हा सांग. कोनाचं शेपूट कोनाखाली?"

"काठाचं. कोपऱ्याखाली."

मारोतरावांनी तळहातावर बोटाने रेघ काढून दाखवली. "पाय सोनीबाई. दोरा संपला का आपण गाठ देत नाई, शेपूट आधीच्या टाक्याखाली लपवतो. टाका आधी तिथं असंन तवाच ना त्याच्याखाली शेपूट जाईन? म्हंजे कोपरा आधीचा. काठ मागून आला."

सोनीबाईची बोटं थांबली.

"मी काठ आधी भरला," ती म्हणाली. "चारी बाजू. मंग कोपऱ्यात जे उरलं त्यात नक्षी कोंबून राह्यली."

"म्हून चोळामोळा होते. प्रत्येक कोपऱ्यात उरणारे धागे सारखे नसतीन. कुठं दोन जास्त, कुठं तीन कमी."

"पण आधी कोपरे भरले तरी धागे उरणारच ना?" रजत म्हणाला. "ते कुठे जातात?"

हा प्रश्न चांगला होता. मारोतरावांनी मान डोलावली आणि दुसरा खिसा पुढे ओढला. दोन्ही कोपऱ्यांकडून निघालेले काठ मधोमध भेटत होते. तिथे ठिपक्यांचं एक शंकरपाळं बाकीच्यांपेक्षा अरुंद होतं, आणि त्यावर चार टोकं तुटलेल्या दोऱ्याची, काहीतरी काढून टाकल्यासारखी.

सोनीबाईने तिथे बोट ठेवलं आणि एकदम हसली. दात नव्हते, तरी तोंडभर हसली.

"इथं कवडी होती! आमची माय, याडी, काठाच्या मधात कवडी लावे. मले वाटे, शोभेसाठी. चूक झाकाले लावे व ती!"

"चूक नाई," मारोतराव म्हणाले. "उरलेलं. ते कुठंतरी ठेवावंच लागते."

पुढचं काम संगीताने केलं. विरळ झालेल्या कोपऱ्याला मारोतरावांनी मागून त्याच कापडाची, शिवणीसाठी सोडलेल्या कडेतून कापलेली पट्टी टाकली, धागे धाग्यांवर बसतील अशी; मग त्यावर मोजता आलं. काठ कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत उसवावा लागला. ते एका दिवसात होण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी गोपालचा फोन आला की गाडी तयार आहे.

रजतने कोटाकडे पाहिलं. संगीता अजून त्यावरूनच मोजत होती.

"काका, बटण राहिलंच," तो म्हणाला.

"लावून ठेवतो."

"मी पुढच्या रविवारी परत जाईन तेव्हा नेतो." मग घोंगडी काढून ठेवत त्याने विचारलं, "तोवर खिसे सरळ करून द्याल?"

"तिचे कोपरे होऊ द्या. मंग एक सरळ करतो. दुसरा असाच राहू द्या. कोनाले कोपरा पाहाचा असला तं पाठ दिसली पायजे."

सोनीबाईने त्याला घोंगडी परत करू दिली नाही. तो ती पांघरूनच गॅरेजात गेला, आणि मेकॅनिकने त्याला ओळखलंच नाही म्हणे.

पुढच्या आठवड्यात संगीता कोथळा घेऊन दुकानात आली. चारही कोपरे सपाट बसले होते, आणि प्रत्येक काठाच्या मधोमध एक कवडी होती. ती कौतुकासाठी पिशवीची समोरची बाजू पुढे करून उभी राहिली.

मारोतरावांनी पिशवी उलटी केली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अंगठा फिरवला. एका ठिकाणी थांबले.

"इथं गाठ देली तू."

"एकच," संगीता म्हणाली. "कोनाले दिसते, आजोबा? अस्तर तं लागणार हाय."

"मले दिसली ना. सोड."

तिने खुर्चीशेजारी बसून गाठ सोडवली आणि शेपूट कोपऱ्याखाली सरकवलं. मग मारोतरावांनी गोपालला मशीनवरून उठवलं, स्वतः बसले आणि अस्तराचं कापड सुईखाली घेतलं.