त्याला दोन स्कूप

सरांनी आरशातून मोजलं. एक स्कूप. दोन स्कूप. बायकोने नव्या कोचच्या शेकमध्ये प्रोटीन पावडरचे दोन स्कूप टाकले आणि सरांच्या छातीत कळ आली.

"सर, किती झाले?" बैठका काढणारा बँकेतला कारकून धापा टाकत म्हणाला.

"आठ."

"आठ केव्हाच झाले, सर! जीव घेता का?"

सरांच्या जिमच्या कोपऱ्यातलं शेकचं काउंटर बायको चौदा वर्षं सांभाळत होती. व्यायामानंतर सरांना चाळीस ग्रॅम प्रोटीन हवं असायचं. एक स्कूप, साडेचारशे मिली दूध, एक केळं. ग्लास न चुकता समोर यायचा, पण त्यात दुसरा स्कूप कधी पडला नव्हता. आणि हा महिन्याभरापूर्वी आलेला पोरगा! "वहिनी, काय हात आहे तुमचा!" म्हणत काउंटरला रेलतो काय, ही हसते काय, आणि त्याला दोन!

कोच गेल्यावर सर काउंटरपाशी आले.

"आज मलाही दोन टाक."

"कशाला? चौसष्ट ग्रॅम होतील. चाळीसच लागतात ना?"

"त्याला मात्र दोन."

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग दोन्ही डबे त्यांच्यासमोर आणून आपटले.

"वाचा. तुमच्या डब्यातला स्कूप मोठा आहे. एकात चोवीस ग्रॅम प्रोटीन. त्याचा डबा दुसरा, स्कूप छोटा. एकात बाराच. दोन टाकले की चोवीस. वर दुधाचे पंधरा, केळ्याचा एक. झाले चाळीस. आलं ध्यानात?"

सरांनी दोन्ही स्कूप हातात घेऊन पाहिले. खरंच, एक दुसऱ्याच्या निम्मा होता. त्यांचे कान तापले. पण माघार घ्यायची तर तोंड कुठे लपवायचं?

"त्याच्या ग्लासात केळं कुठे होतं?"

"त्याला आवडत नाही. एका ग्रॅमसाठी तीस मिली दूध जास्त घातलं."

"तुला कसं कळलं, आवडत नाही ते?"

"विचारलं."

सरांनी दोन्ही स्कूप खाली ठेवले. मग हळूच म्हणाले, "मला कधी विचारलं नाहीस."

"तुम्हाला काय विचारायचं? चौदा वर्षं पिताय की."

"मलाही आवडत नाही."

बायको बघतच राहिली. "चौदा वर्षं? अहो, मग बोलला का नाहीत?"

"तू सोलून द्यायचीस," सर म्हणाले. "म्हणून."

तिने सोलायला घेतलेलं केळं हातात तसंच धरलं. मग स्वतःच एक घास खाल्ला, मापाचं भांडं पुढे ओढलं आणि चारशे ऐंशीच्या खुणेपर्यंत दूध ओतलं.

"आणखी काय काय आवडत नाही, ते आत्ताच सांगा," ती म्हणाली.

सरांनी दाराकडे पाहिलं. "तो 'वहिनी' म्हणतो ते."