क्लचच्या खोक्यावरची धूळ

लेकीला गाडी पसंत पडली होती, पण बापाचा खाक्याच असा, की बंपर, हेडलाइट आणि क्लचचे भाव काढल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही. म्हणून लेक शोरूममध्ये आणि बाप स्पेअर पार्टच्या दुकानात.

"बंपर चार हजार, हेडलाइट साडेतीन," दुकानदार वर न बघता म्हणाला. "पण शिल्लक नाहीत. आले की दोन दिवसांत उडतात."

इतके स्वस्त भाव ऐकून बापाची कळी खुलली. "आणि क्लच?"

दुकानदाराने माळ्यावरून एक खोका ओढला. त्यावर बोटभर धूळ होती. "सहा वर्षांपूर्वी मॉडेल आलं, तेव्हा दहा मागवले होते. एकही गेला नाही."

"म्हणजे क्लच दणकट आहे म्हणा की!"

"काका, क्लच झिजायला गाडी लाखभर किलोमीटर तरी चालावी लागते," दुकानदार खोका पुसत म्हणाला. "ही त्याच्या आधीच कुठेतरी जाऊन आदळते."

बापाने घाईघाईने लेकीला फोन लावला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"बाबा, ट्रायलला हायवेवर काढलीये," ती हसत ओरडली. "काय सुसाट पळते!"