दोन वर्षांचं पोटदुखणं

सून प्रवासविम्याच्या दाव्याचं पत्र लिहायला बसली तेव्हा तिला ते तासाभराचं काम वाटलं होतं. परदेशातल्या बहिणीला सातवा लागला होता आणि तिच्याजवळ घरचं कुणी नव्हतं. ही आणि नवरा निघायच्या आदल्या दिवशीच सासऱ्यांचं अपेंडिक्सचं तातडीने ऑपरेशन करावं लागलं आणि प्रवास रद्द झाला. विम्याचे पैसे वेळेत आले, तरच बाळंतपणाआधी पुन्हा तिकीट निघणार होतं.

तिकिटांचे एक लाख ऐंशी हजार, त्यातले विमान कंपनीने परत केलेले बावीस. दावा एक लाख अठ्ठावन्न हजारांचा. इथवर सरळ होतं. मग तिने हॉस्पिटलचा डिस्चार्जचा कागद वाचला : ‘दोन वर्षांपासून पोटात दुखणे.’ जुन्या आजारापायी रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे विमा कंपनी देत नाही.

“अप्पा, दोन वर्षं दुखत होतं आणि आम्हाला बोलला नाहीत?”

सासरे उशीला टेकले होते. “अगं, दुखतंय कसलं! जेवणानंतर थोडी जळजळ. पण तुमच्या बॅगा भरलेल्या आणि मी पोट धरून बसलेला. वाटलं, म्हातारा नाटकं करतोय म्हणतील. म्हणून डॉक्टरांना जरा वजन घालून सांगितलं.”

“वजन भलत्याच ठिकाणी पडलं, अप्पा.”

अप्पांना टाके दाखवायला नेल्यावर तिने सर्जनबाईंना जळजळीची खरी गोष्ट सांगितली आणि विचारलं, “तेवढी ओळ काढता येईल?”

“नाही. पेशंटने सांगितलं ते लिहिलंय, मी खोडणार नाही.” बाईंनी फाइल उलटली. “पण काढलेल्या अपेंडिक्सचा हा लॅबचा रिपोर्ट बघा. सूज ताजी आहे, जुनेपणाची खूण नाही. आणि काका, जळजळीवर औषध काय घेता?”

“सोडा पितो.”

“तो कुणी दिला?”

“मीच.”

बाई हसल्या. दुखणं कोणत्या तारखेला सुरू झालं, ऑपरेशन टाळता येण्यासारखं नव्हतं आणि जळजळीचा त्याच्याशी संबंध नाही, असं त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं.

सुनेने पत्रात ती अडचणीची ओळ स्वतःच नमूद केली. नवरा म्हणाला, “आपण होऊन कशाला दाखवायची?”

“त्यांना दिसणारच आहे. आपल्याकडून कळू दे, उत्तरासकट.”

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. पॉलिसीत ठरलेला, ग्राहकानेच सोसायचा सुरुवातीचा हिस्सा कापून बाकी मंजूर. तोवर भाडी चढली होती. त्या पैशांत दोन तिकिटं बसेनात, एक आरामात बसलं.

तिने बहिणीला फोन लावला. “पुढच्या रविवारी पोचते. एकटीच.”

“आणि भाऊजी?”

“ते अप्पांजवळ थांबतायत.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आणि पाठोपाठ हुकूम, “जुन्या मऊ चादरी आण बाळासाठी. इथल्या सगळ्या कडक आहेत.”

“किती?”

“बॅगेत मावतील तेवढ्या. तुझे कपडे काढून टाक.”