पाच चोक वीस आणि बाबांचं तैलचित्र

निवृत्त झाल्यावर सासरेबुवांनी स्वतःचंच तैलचित्र काढून घेतलं. छातीएवढं उंच, जाड सोनेरी लाकडी फ्रेम. चित्रात त्यांना भरपूर केस होते.

सून एका चित्रदालनात चित्रं टांगायचं काम करायची, तेही दहा वर्षं. त्यामुळेच की काय, घरात तिला कुणी विचारलं नाही. तरी ती वजनकाट्यावर आधी फ्रेम धरून आणि मग मोकळ्या हाताने उभी राहिली, वजाबाकी केली. अठरा किलो.

"बाबा, भिंतीत भोक पाडून प्लॅस्टिकचे प्लग बसवते आणि त्यात दोन हुक लावते. एकेक हुक एकट्याने अख्खं वजन पेलेल असा घेते."

"नव्या रंगाला भोकं? अजिबात नाही!" बाबांनी चिकटवायच्या हुकांचं पाकीट काढलं. "एक हुक पाच किलो. चार लावू. पाच चोक वीस. वर दोन किलो शिल्लक!"

"एका ओळीत चार लावले तरी चित्रामागच्या तारेचा भार कडेच्या दोघांवरच येतो. मधले दोघं नुसती हजेरी लावतात."

"माझ्या हाताखाली तीनशे माणसं होती. मला भार वाटून देणं शिकवू नकोस."

"तिथेही मधले हजेरीच लावायचे," भाजी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या.

चार हुक चिकटले, चित्र चढलं, आणि रविवारी जुने सहकारी चहाला आले. बाबा चित्राखाली उभे राहून शिस्तीवर बोलू लागले. सून कपबशा ठेवत होती. तिला कडेचा हुक खाली सरकताना दिसला.

"बाबा, बाजूला व्हा!"

"मध्ये बोलू नकोस."

तिने ट्रे टाकला आणि त्यांना दंडाला धरून ओढलं. पुढच्याच क्षणाला हुक रंगाचे पापुद्रे घेऊन सुटले आणि चित्र धाडकन जमिनीवर आदळलं. फ्रेमचा एक कोपरा उखडला. कुणीच हसलं नाही, आणि तेच बाबांना जास्त लागलं. सुनेला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. त्याची तिला लाजही वाटली.

कोपरा चिकटवून वाळल्यावर तिने फ्रेममागच्या दोन्ही डी-रिंग, म्हणजे तार बांधायच्या कड्या, तपासल्या. बाबांनी त्या अगदी वरच्या कडेला ठोकल्या होत्या आणि तार सतारीसारखी ताणली होती. तिने रिंगा काढून उंचीच्या पाव भागाइतक्या खाली स्क्रूने बसवल्या, तारेला जरा ढील दिली, टोकं पीळ घालून आवळली. मग ड्रिल, प्लग आणि पंचवीस-पंचवीस किलो पेलणारे दोन हुक.

बाबांनी चित्राची एक बाजू उचलून धरली. तार दोन्ही हुकांवर बसली.

"सोडू?" त्यांनी विचारलं.

"सोडा, बाबा."

त्यांनी हात काढला, पण पाऊलभर मागे सरकूनच. शेजारी डोकावले तेव्हा बाबा त्यांना सांगत होते, "हुक नेहमी दोन. आमच्या घरी सगळं विचार करून होतं."

सासूबाईंनी सुनेच्या हातात झाडू दिला. भिंतीतला चुरा अजून जमिनीवर पडला होता. सुनेने तो झाडू बाबांच्या हातात दिला.