अंगठ्याची पोच

केराबाई सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या गाळ्यात घोंगड्या विकायची. एकतीस मार्चला तिचा भाडेपट्टा संपत होता. गाळा सोडायचा तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, नाहीतर पट्टा आणखी वर्षभर चालू, असं त्यात कलम होतं. आज फेब्रुवारीचा शेवटचा दिवस होता.

मालक नागप्पा शेटेला ती फार भ्यायची. गाळा सोडतो म्हणणाऱ्या एका कासाराला त्यानं भर रस्त्यात बडवलं होतं.

अर्जनविसाकडून लिहून घेतलेली नोटीस आणि तिची नक्कल पदराखाली धरून ती त्याच्या ओसरीवर गेली.

"परवा ये," कागदाला हात न लावता नागप्पा म्हणाला. "आणि जायचं मनातनं काढ." तो काठी उचलून बाहेर पडला.

पण 'घरातल्या माणसानं घेतली तरी चालते', हे अर्जनविसाचे शब्द केराबाईला आठवले. दाराआड नागप्पाची बायको सिद्धव्वा उभी होती.

"अक्का, एवढी घ्या की. एकतीस तारखेला गाळा झाडून, चुना मारून, दोन्ही किल्ल्या चार माणसांसमोर देते."

सिद्धव्वानं रस्त्याकडं पाहिलं.

"मला मारंल गं त्यो," ती पुटपुटली. तरी तिनं नोटीस घेतली, चुलीतल्या काजळीत अंगठा बुडवला आणि पोच म्हणून नकलेवर दाबला.

"जा आता. पळ."

केराबाई पळाली, पण कोपऱ्यावर थांबून तिनं त्या बंद दाराकडं वळून पाहिलं, तेव्हा तिला स्वतःपेक्षा सिद्धव्वासाठीच जास्त भीती वाटली.